मदत हवी आहे: टिकलीने पांढरा डाग पडला, आता कुंकू कोणतं लावावं?

नमस्कार मैत्रिणींनो. आईच्या कपाळावर टिकली बसते तिथे आधी नुसती खाज यायची, आता तेवढाच गोल पांढरट झालाय. त्वचारोगतज्ज्ञांनी टिकली बंद करायला सांगितली. टिकलीच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल असू शकतं, ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं म्हणे. पण आई मोकळ्या कपाळाने राहायला मुळीच तयार नाही!

बाजारातल्या लालभडक कुंकवाची मला धास्ती वाटते. शेंदूर म्हणजे मुळात शिशाचाच ऑक्साइड, आणि स्वस्त पुडीत काय मिसळलंय ते कोण सांगणार? हळद-चुन्याचं कुंकू लिंबाच्या रसाने पिवळं पडतं, म्हणून चिमूटभर बशीत घेऊन लिंबू पिळलं. आमच्या डबीतलं लालच राहिलं. अर्थात यावरून हळद नाही एवढंच कळतं, शिशाचं काहीच नाही.

पुण्यात कुणी प्रयोगशाळेतून कुंकवातलं शिसं तपासून घेतलंय का? खर्च किती आला? घरी कुंकू करणाऱ्यांनी चुन्याचं प्रमाणही सांगा, जास्त झाला तर आग होईल ना? आणि टिकली सोडल्यावर असा डाग कुणाचा भरून आलाय का?