पगाराचं खातं बदलायचं पत्र: काय लिहायचं, कुठे अडतं?

ऋतुजा_पेरोल
पंचवीस तारीख उलटली की ठरलेली एक ओळ येते: "या महिन्यापासून पगार नवीन खात्यात टाका." आज परत आली, म्हणून हा धागा. तोवर पगाराची यादी बंद झालेली असते. बऱ्याच ठिकाणी १५ ते २० तारखेनंतरचा बदल पुढच्या महिन्यावर जातो. आमच्याकडे चालतं ते पत्र असं:

*विषय: पगाराचे बँक खाते बदलणेबाबत. माझा कर्मचारी क्रमांक ___. सध्या पगार ___ बँकेतील, शेवटचे चार अंक ___ असलेल्या खात्यात जमा होतो. ऑगस्ट महिन्याच्या पगारापासून तो पुढील खात्यात जमा करावा: खातेदाराचे नाव (पासबुकाप्रमाणे) ___, बँक व शाखा ___, खाते क्रमांक अंकी ___ व अक्षरी ___, आयएफएससी ___. सोबत नाव छापलेला रद्द धनादेश जोडला आहे.*

खाली सही आणि तारीख. "ऑगस्टपासून" एवढंच लिहू नका. जुलैचा पगार ऑगस्टमध्ये देणाऱ्या कंपनीत त्याचे दोन अर्थ निघतात.

खमंग_पोहे
अक्षरी कशाला? चेक आहे का तो 😄

ऋतुजा_पेरोल
झेरॉक्समध्ये इंग्रजी 3 आणि 8 सारखेच दिसतात, म्हणून.

नाना_बेलापूर
एवढी काळजी नको. नंबर चुकला तर नाव जुळत नाही, बँक पैसे परत पाठवते.

सचिन_के
नाना, अर्धंच बरोबर. त्या नंबरचं खातंच नसेल तर पैसे परत येतात, एनईएफटीत साधारण त्याच दिवशी. पण चुकीच्या नंबरचं खातं दुसऱ्या कुणाचं असेल तर पैसे तिथे जमा होतात. बँक नंबर बघते, नाव जुळवत नाही. मग परत मिळवायला त्या माणसाची संमती लागते, आणि बसा अर्ज करत.

नाना_बेलापूर
पण आता पाठवताना नाव दिसतं की.

सचिन_के
हो, एप्रिल २०२५ पासून. पण ते एकेकाला पैसे पाठवताना. पेरोल शेकडो लोकांची एकच फाइल चढवतं, तिथे नाव तपासलं जातं की नाही हे ज्या त्या बँकेवर आहे.

वैशाली_अकाउंट्स
फाइलवरून आठवलं. एक्सेल १५ च अंक धरतं. १६ अंकी खाते क्रमांक १२३४५६७८९०१२३४५६ टाकला की शेवटच्या ६ चा शून्य होतो आणि खान्यात `1.23457E+15` असं काहीतरी दिसतं. नंबर शून्याने सुरू होत असेल तर पुढची शून्यं गळतात. खाना आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मग नंबर टाकायचा. नंतर टेक्स्ट करून गेलेला अंक परत येत नाही. पत्र बरोबर असूनही पगार अडकतो तो बऱ्याचदा इथे.

मीनल_शिक्षिका
आमचं शालार्थमधून होतं. हेच पत्र मुख्याध्यापकांना द्यायचं ना?

वैशाली_अकाउंट्स
हो मीनलताई, "प्रति" बदला, बाकी मजकूर तोच चालेल.

प्रशांत_ठाणे
आणि पीएफ? खातं बदललं की तिथेही आपोआप बदलतं का?

सचिन_के
नाही. पेरोलचं पत्र फक्त पगारापुरतं. पीएफचं खातं यूएएनमध्ये जाऊन वेगळं बदलायचं. इन्कम टॅक्स रिफंडचंही वेगळं.

गौरी_डोंबिवली
आयएफएससीत पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ओ नाही. आणि विलीन झालेल्या बँकांची जुनी चेकबुकं जोडू नका. सिंडिकेटचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद आहेत, तरी ड्रॉवरमधून तोच चेक निघतो.

खमंग_पोहे
आमच्या ड्रॉवरमधून विजया बँकेचं कॅलेंडर निघालं, चेक नाही 🙈

गौरी_डोंबिवली
😂 ठेवा जपून. मुद्द्याचं राहिलंच, जुनं खातं लगेच बंद करू नका. गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा हप्ता तिथूनच कापला जात असतो. पगार गेला नव्या खात्यात, जुन्यात हप्त्यापुरते पैसे नाहीत, की हप्ता परत जातो आणि दोन्हीकडून दंड. नवीन बँकेचं मँडेट लागायला काही आठवडे जातात. तोवर एक-दोन हप्त्यांचे पैसे जुन्यात ठेवायचे. पगार यायचा थांबला की काही महिन्यांत ते साधं बचत खातं होतं, मग काही बँकांत किमान शिलकीचा नियम लागतो.

प्रशांत_ठाणे
बायकोबरोबर जॉइंट खातं चालतं का?

ऋतुजा_पेरोल
आमच्याकडे पहिलं नाव कर्मचाऱ्याचं असेल तर चालतं. काही कंपन्या घेतच नाहीत, आधी विचारा. आणि पत्र दिल्यावर आमचा फोन आला तर चिडू नका. तुमच्या नावाने मेल करून खातं बदलून घेणारे भामटे आहेत, म्हणून आम्ही रेकॉर्डवरच्या नंबरला फोन करतो, मेलमध्ये दिलेल्या नाही.

नाना_बेलापूर
आणि रेकॉर्डवरचा नंबरच बंद असला तर?

खमंग_पोहे
नाना, त्याचं वेगळं पत्र 😂