‘अस्खलित वाचतो, पण…’ : वर्गशिक्षिकेला लिहायच्या चिठ्ठीसाठी शब्द हवा आहे

चौथीची आई
मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. प्रकटवाचनात वर्गात पहिला. बाईंनी वहीवर ‘छान वाचतो’ असा शेरा दिलाय आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण घरी वेगळंच दिसतं. परवा त्याला मी स्वतः लिहिलेला एक छोटा उतारा वाचायला दिला:

“आजीने पिठाचा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. मीनाने निमूटपणे चपला घातल्या. ‘गव्हाची पिशवी जड आहे, सायकलवर ठेवून ने,’ आजी म्हणाली.”

घडाघडा वाचलं, एकही चूक नाही. विचारलं, मीना कुठे निघाली? म्हणाला, “सायकलवर.” आजीने कपाळाला हात का लावला? “डोकं दुखत होतं.” मग पीठ? “ते डब्यात आहे.”

बाईंना चिठ्ठी लिहायला बसले आणि अडले. मसुदा असा:

“आदरणीय बाई, सा. न. वि. वि. मुलगा अस्खलित वाचतो, पण त्याचे आकलन कमी आहे अशी काळजी वाटते. कृपया लक्ष द्यावे.”

‘आकलन कमी’ वाचून मुलाचे बाबा म्हणाले, “अगं, हे तर बुद्धी कमी असं वाटतंय.” आधी ‘पोपटपंची’ लिहिलं होतं, तेही खोडलं. दुसरा कुठला शब्द बसेल?

रानवाटा
पोपटपंची खोडलंत ते बरं केलंत. तो शब्द पाठ केलेलं बोलून दाखवण्याला आहे. तुमचा मुलगा समोरचं नवं वाचतोय, पाठ केलेलं नाही. घोकंपट्टीही नाही.
माझ्या मते साधं ‘घाईने वाचतो’ लिहा. आमचे गुरुजी ओळीखाली पट्टी धरायला लावायचे. वेग कमी झाला की अर्थ आपोआप येतो.

चौथीची आई
रानवाटा, तेही करून पाहिलं. बोट ठेवून, एकेक शब्द सावकाश वाचायला लावलं. उत्तर तेच, “सायकलवर.” म्हणून तर काळजी वाटली.

मोगरा
उच्चार स्पष्ट व्हायला हवे असतील तर रोज सकाळी एक स्तोत्र मोठ्याने म्हणवून घ्या. माझ्या नातवाचे श, ष आणि जोडाक्षरं तीन महिन्यांत सुधारली. चिठ्ठीत ‘शुद्ध वाचन’ असं लिहा.

चौथीची आई
मोगराकाकू, उच्चार अगदी छान आहेत हो. अडचण नंतरची आहे.

ओंजळ
आमच्याकडे अगदी हेच! आम्ही न्यू जर्सीत, मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जाते. बाराखडी आणि जोडाक्षरं आली आणि ती काहीही वाचायला लागली, अगदी पंचांगसुद्धा. पण ‘निमूटपणे’ म्हणजे काय हे तिला माहीत नाही, ‘दळण’ तर तिने पाहिलेलंच नाही. मी शिक्षिकेला ‘शब्दसंग्रह कमी’ असं लिहिलं होतं. तुम्हीही तेच लिहा.

जुनी पाटी
तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे दोन शब्द लांबण लावतो.

पहिलं शब्दांचं. ‘अस्खलित’ म्हणजे न ठेचकाळता, न अडखळता. त्यात समजण्याचा काही वायदाच नाही. ‘वाचणे’चंही तसंच. ते ‘वाच्’, म्हणजे वाणी, यातून आलेलं. मुळात अक्षरांना बोलतं करणं एवढंच. म्हणजे बाईंचा शेरा खोटा नाही आणि ताई, तुमची काळजीही खोटी नाही. दोघी दोन वेगळ्या गोष्टी बोलताय.

हा फरक जुन्यांनाही ठाऊक होता. पाणिनीय शिक्षा या उच्चारावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात सहा प्रकारचे अधम पाठक सांगितलेत. गात वाचणारा, मान हलवणारा वगैरे. त्यात ‘शीघ्री’ वेगळा मोजलाय आणि ‘अनर्थज्ञ’ वेगळा. भरभर वाचणारा हा एक दोष, अर्थ न जाणणारा हा दुसरा. रानवाटा, तुम्ही पट्टी धरून शीघ्रीचा इलाज सांगितलात, ताईंचा मुलगा अनर्थज्ञ आहे.

आणि आपल्या लिपीत हे जास्त लपतं. देवनागरीत अक्षर दिसलं की उच्चार बहुतेक ठरलेला. बाराखडी आणि जोडाक्षरं पक्की झाली की मूल न समजलेलं वाक्यही बिनचूक वाचतं. शब्द ओळखायला अर्थाची मदत घ्यावीच लागत नाही.

ओंजळताई, तुमच्या मुलीचं आणि या मुलाचं बाहेरून सारखं दिसतं, पण एकच आहे का ते आधी तपासायला हवं. 1986 साली गफ आणि टनमर या दोन वाचन-संशोधकांनी एक साधी मांडणी केली: वाचून समजणं म्हणजे अक्षरं सोडवता येणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू कितीही मोठी असो, दुसरी लहान असेल तर उत्तर लहानच.

म्हणून चिठ्ठी पाठवण्याआधी एक करा. तेवढाच अवघड दुसरा उतारा तुम्ही वाचा, त्याने फक्त ऐकायचं. मग प्रश्न विचारा. ऐकूनही कळलं नाही तर अडचण भाषेची: शब्द, वाक्प्रचार, ओळखीच्या नसलेल्या गोष्टी. ऐकून कळलं आणि वाचून नाही, तर वाचताना त्याचं लक्ष आवाज काढण्यातच संपतंय. दोन्हींचे उपाय वेगळे आणि बाईंना कुठलं आहे ते कळणं महत्त्वाचं.

क्रियापद
मला ‘आकलन कमी’पेक्षा त्याच्या वाक्यरचनेचं वाटतं. बघा, आपण म्हणतो ‘*तो* वाचतो’, पण ‘*त्याला* समजत नाही’. वाचण्याचा कर्ता मुलगा. समजणं मात्र त्याच्या बाबतीत घडतं किंवा घडत नाही, जशी त्याला भूक लागते, थंडी वाजते. त्यावर कोणी काय करणार?

मराठीत यावर जोडी आहे: अर्थ *लागणे* आणि अर्थ *लावणे*. ‘त्याला अर्थ लागत नाही’ ही तक्रार झाली. ‘तो अर्थ लावत नाही’ म्हटलं की ते एक काम झालं, जे तो करत नाहीये आणि शिकवलं तर करेल. पिठाचा डबा रिकामा होता हे तुमच्या उताऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही. कपाळाला हात, गव्हाची पिशवी, सायकल, या तीन गोष्टी जोडून ते *लावावं* लागतं. तुमचा मुलगा शेवटचा ठळक शब्द उचलतो आणि प्रश्नाला चिकटवतो.

जुनी पाटी
हे आवडलं. पण ‘आकलन’ सोडू नका असं माझं मत. शाळेत तोच शब्द चालतो, प्रश्नपत्रिकेत ‘आकलन’ असतं. बाईंना लगेच कळेल. आणि ‘आकलन करणे’ आहेच की, तिथेही कर्ता आहे.

क्रियापद
लिहिताना आहे, बोलताना कोण म्हणतं? आई मुलाला म्हणेल का, “बाळा, आकलन कर”? ‘अर्थ लाव’ म्हणेल.

जुनी पाटी
चिठ्ठी बाळाला नाही, बाईंना आहे.

चौथीची आई
सर, तुम्ही सांगितलंत तसं केलं. नवा उतारा मीच लिहिला: बाबा खिडकीबाहेर बघतात, दोरीवरचे कपडे काढायला धावतात, ताई गच्चीवरचे पापड गोळा करते. पाऊस हा शब्द कुठेच नाही. मी वाचून दाखवल्यावर लगेच म्हणाला, “पाऊस येतोय!” दोन दिवसांनी तशाच धर्तीचा दुसरा उतारा त्याला स्वतः वाचायला दिला. तेव्हा पुन्हा शेवटचाच शब्द उचलला.

पण पहिला पिठाचा उतारा मी वाचून दाखवला तेव्हा “दळण आणायला” बरोबर आलं आणि कपाळाचं मात्र “डोकं दुखतंय” तसंच राहिलं.

जुनी पाटी
म्हणजे मुख्य अडचण वाचतानाची आणि थोडी वाक्प्रचारांची. ‘कपाळाला हात लावणे’ त्याने घरात ऐकलं नसेल तर त्यात दोष नाही.

आता आणखी एक बघा. वाक्यात मुद्दाम एक चुकीचा शब्द पेरा: ‘आईने देवापुढे दिवस लावला.’ समजून वाचणारं मूल अडखळतं, मागे जातं, “हे काय?” म्हणतं. हे अडखळणं चांगलं असतं. वर्गात मी कायम बघायचो की कोण *थांबतं*. न थांबता पुढे जाणारं मूल स्वतःच्या वाचनावर पहारा ठेवत नाही. ‘अस्खलित’ या शब्दावर माझा राग आहे तो त्यामुळे. कधी कधी स्खलन हवं असतं.

चौथीची आई
पाच वाक्यांत पाच चुका पेरल्या. ‘दिवस लावला’ सरळ वाचून गेला. ‘मांजराने दूध चावून चावून प्यायले’ तेही गेला. ‘बाबा झाडावर बसून ऑफिसला गेले’ इथे थांबला आणि हसायला लागला. पाचांत एक.

मग त्याला सांगितलं, यात चुका लपवल्यात, शोध. दुसऱ्यांदा चार सापडल्या.

क्रियापद
बघा! येतं त्याला. सांगितलं की करतो, एरवी करत नाही. हेच ‘लावत नाही’.

ओंजळ
मी काल मुलीला ऐकवून बघितलं. तिला ऐकूनही कळलं नाही. म्हणजे आमचं वेगळंच आहे. तिच्यासाठी गोष्टी वाचून दाखवायला सुरुवात केली. धन्यवाद सर.

रानवाटा
मी अजून म्हणतो, वेगाचा काहीतरी संबंध आहेच. वर्गात मिनिटाला किती शब्द मोजतात, मुलं शर्यत लावतात.

जुनी पाटी
तेवढं खरं आहे. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी अपरिचित मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द आणि *अर्थासह* वाचावा असं आहे. साठ मोजायला घड्याळ पुरतं. ‘अर्थासह’ मोजायला बसून बोलावं लागतं आणि बाईंच्या वर्गात चाळीस मुलं असतात. म्हणून चिठ्ठीत मत नको, जे दिसलं ते लिहा. बाईंचं काम सोपं होईल.

चौथीची आई
नवा मसुदा:

“आदरणीय बाई, सा. न. वि. वि.
मुलगा न अडखळता वाचतो, याचा आम्हाला आनंद आहे. घरी एक गोष्ट लक्षात आली. उताऱ्यात सरळ लिहिलेले तो सांगतो. पण जे लिहिलेले नसते आणि जोडून काढावे लागते, तिथे स्वतः वाचताना तो अर्थ लावत नाही, शेवटचा शब्द उत्तर म्हणून सांगतो. तशाच प्रकारचे उतारे आम्ही वाचून दाखवले तर बहुतेक सांगतो. वाक्यात चुकीचा शब्द असला तरी सहसा थांबत नाही, पण ‘चूक शोध’ म्हटल्यावर शोधतो. उतारे व त्याची उत्तरे सोबत जोडली आहेत. वर्गात मूकवाचनानंतर त्याला एखादा ‘कशावरून?’ असा प्रश्न विचारता येईल का? घरी काय करावे तेही कळवावे.”

क्रियापद
‘कशावरून?’ उत्तम. उत्तर चुकलं तरी तो कुठून तिथे पोचला ते कळतं.

जुनी पाटी
पाठवा. फक्त ‘अर्थ लावत नाही’च्या आधी ‘आकलनात’ घाला, बाईंच्या नोंदीत बसेल.

चौथीची आई
सर, तेवढं नाही घालत. बाबांना पुन्हा वाचून दाखवलं, ते म्हणाले, आता हा आपला मुलगा वाटतो. उद्या वहीत ठेवते.