फिफो की सरासरी? 4 तारखेच्या ऑर्डरचं मार्जिन 32 वरून 23 कसं झालं?

गूळवाला_शाहूपुरी: मंडळी एक घोळ झालाय. आमचा एक किलोच्या गुळाच्या बॉक्सचा धंदा, विक्री दर जीएसटी सोडून 65 फिक्स. 4 एप्रिलला सांगलीच्या दुकानाला 80 बॉक्स गेले, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट काढला तर मार्जिन 32 टक्के. महिनाअखेरीला तोच रिपोर्ट काढला तर त्याच ऑर्डरला 23 टक्के! बिलाला कुणी हात लावला नाही, सेटिंग सरासरीवर आहे. मेव्हणा म्हणतोय फिफो लाव, म्हणजे जो माल आधी आला त्याचाच दर आधी लावायचा, सेल्समन म्हणतोय सरासरीच राहू दे कारण 20 टक्क्यांच्या वर मार्जिन असलेल्या ऑर्डरवरच त्याला इन्सेंटिव्ह मिळतो. काय करू?

मेव्हणाच_मी: मी तोच मेव्हणा 😄 फिफोच लाव म्हणतोय मी. 4 तारखेला गोडाऊनला फक्त जुना 44 चा माल होता, 53 चा माल आला 12 तारखेला, मग जो माल तेव्हा जन्मालाच आला नव्हता त्याचा खर्च त्या ऑर्डरवर कसा काय बसवता राव?

मसालेवाली_ताई: आम्ही कांदा लसूण मसाल्याला पहिल्यापासून फिफोच करतो, जुनी पाकिटं रॅकवर पुढं आणि नवीन मागं. पोरांना सांगूनच ठेवलंय. नाहीतर तारीख उलटलेली पाकिटं शेवटी आपल्याच गळ्यात.

हिशेबनीस_काका: ताई तुमचं बरोबर आहे पण ते माल रचायचं झालं, इथं प्रश्न खर्च लावायचा आहे. पोरानं मागच्या थप्पीतला बॉक्स दिला तरी वहीत फिफो पहिल्या लॉटचाच दर लावतो. गूळवाले, सगळ्या खरेद्या आणि विक्र्या तारखेनं टाका, मग बोलू.

गूळवाला_शाहूपुरी: 1 एप्रिलला शिल्लक 100 बॉक्स, दर 44. 4 ला 80 गेले. 12 ला 200 बॉक्स आले 53 नं (सीझन संपत आला की दर चढतोच, त्यात नवीन काय नाही). 15 ला इचलकरंजीला 60 गेले, 26 ला गडहिंग्लजला 100. आता शिल्लक 60.

हिशेबनीस_काका: झालं, कळलं. तुमचं सॉफ्टवेअर अख्ख्या महिन्याची सरासरी काढतंय. 100 बॉक्सचे 4400 आणि 200 चे 10600, मिळून 300 बॉक्सचे 15000, म्हणजे 50 रुपये. हा 50 चा दर ते 4 तारखेच्या ऑर्डरलाही मागं जाऊन लावतं. 5 तारखेला रिपोर्ट काढला तेव्हा 12 ची खरेदी वहीत नव्हती म्हणून 44 नं 32 टक्के दिसलं. आता तिन्ही ऑर्डरींना बॉक्समागं 15 रुपये, 23 टक्के.

फिफोनं बघा. सांगलीचे 80 सगळे 44 चे, 1680 रुपये सुटले, 32 टक्के. इचलकरंजीच्या 60 मध्ये 20 जुने आणि 40 नवे, 900 सुटले, 23 टक्के. गडहिंग्लजचे 100 सगळे 53 चे, 1200 सुटले, साडेअठरा टक्के. म्हणजे गडहिंग्लजवर सेल्समनचा इन्सेंटिव्ह गेला, म्हणूनच त्याला सरासरी गोड लागतीय 🙂

इचलकरंजीकर: अहो पण एवढं डोकं कशाला लावायचं? टोटल शेवटी एकच येतं की. फिफो काय, सरासरी काय, पैसे तेवढेच दिले आणि तेवढेच घेतले.

हिशेबनीस_काका: माल पूर्ण संपल्यावर एकच येतं, तोवर नाही. एप्रिलचा फिफोनं नफा 3780, सरासरीनं 3600. मधले 180 शिल्लक 60 बॉक्सात बसलेत, फिफोत ते 3180 ला धरले, सरासरीत 3000 ला. ते बॉक्स विकले गेले की फरक भरून निघतो. पण तोवर दर ऑर्डरीचं मार्जिन आणि त्यावर सेल्समनला दिलेले पैसे, ते कोण परत आणणार?

मेव्हणाच_मी: बघ! मी काय म्हणत होतो.

सेल्स_वाला_भावा: थांबा जरा. मी दुसऱ्या कंपनीत सेल्सला आहे, फिफोचा मार मी खाल्लाय. एकाच दिवशी मी आणि दुसऱ्या एका सेल्समननं एकाच दरानं ऑर्डर आणली, शिल्लक जुना माल थोडाच होता. त्याचं बिल ऑफिसच्या पोरीनं सकाळी पंच केलं, माझं चहानंतर. त्याला जुना दर लागला, मला नवा. त्याला इन्सेंटिव्ह, मला ठेंगा. ह्यात माझी काय चूक सांगा? बिल कुठल्या क्रमानं पंच झालं त्यावर माझा पगार ठरायचा का?

मेव्हणाच_मी: ही अपवादाची केस झाली भावा.

सेल्स_वाला_भावा: अपवाद कसला, दर चढत असला की लॉट बदलायच्या दिवशी हे होतंच. इचलकरंजीची ऑर्डरच बघा की, थोडी जुन्या दरात बाकी नव्या दरात. तिथं 23 टक्के आले ते सेल्समनच्या कष्टानं का 20 जुने बॉक्स उरले होते म्हणून?

हिशेबनीस_काका: हा मुद्दा मला मान्य आहे. मी स्वतः चालत्या सरासरीच्या बाजूचा. खरेदी आली की त्या क्षणी नवा दर, आणि आधी गेलेल्या ऑर्डरीला हात नाही. 4 ला सांगली 44 नंच राहते. 12 ला उरलेले 20 बॉक्स 880 चे आणि नवे 10600 चे, 220 बॉक्सला 52 रुपये 18 पैसे. मग इचलकरंजी आणि गडहिंग्लज दोघांना सारखंच 19.7 टक्के. पंचिंगच्या क्रमाचं भांडण संपलं, आणि मागचा आकडाही हलत नाही.

सेल्स_वाला_भावा: म्हणजे दोन्ही ऑर्डरी 20 च्या खाली! काका तुम्ही तर सगळ्यांचाच इन्सेंटिव्ह खाल्ला की 😂

हिशेबनीस_काका: तो 20 चा आकडा मालकानं 44 चा गूळ असताना ठरवला असणार. 53 ला घेऊन 65 ला विकताय तर मार्जिन साडेअठराच आहे, कुठल्याही पद्धतीनं वहीत लिहा. दर ठरवताना आणि सेल्समनचा हिशेब करताना मी शेवटच्या खरेदीचा दर धरतो, वहीतली पद्धत टॅक्स रिटर्नसाठी वेगळी. पुढचा माल 56 नं आला तर आज सरासरीचा 23 टक्के बघून कुणी 62 ला कोटेशन दिलं की बोंबललं.

गूळवाला_शाहूपुरी: काका, पण सीए म्हणतील पद्धत एकच ठेवा.

हिशेबनीस_काका: बरोबर म्हणतील. एएस 2 ह्या हिशेबाच्या मानकात फिफो आणि सरासरी दोन्ही चालतात, लिफो म्हणजे शेवटी आलेल्या मालाचा दर आधी लावणं चालत नाही. दरवर्षी उड्या मारता येत नाहीत. फिफोवर जायचंच तर सीएंना विचारून, कारण सांगून बदला. ऑर्डरचं मार्जिन हा तुमचा घरचा रिपोर्ट आहे, तिथं डिस्पॅचच्या दिवशीचा दर बिलाबरोबर लिहून ठेवा, मग नंतर काही बदललं तरी ते हलणार नाही. आणि एक बघा, 12 तारखेच्या मालाचं भाडं आणि हमाली 53 मध्ये आहे का वेगळ्या खर्चात टाकली? वेगळी टाकली असेल तर त्या मालावरची मार्जिनं फुगलेली आहेत.

गूळवाला_शाहूपुरी: 😬 वेगळ्या खर्चात आहे. बॉक्समागं अंदाजे दीड रुपया.

इचलकरंजीकर: मग 12 तारखेचा माल 54.50 चा होय! बरं सांगलीवाल्यानं 10 बॉक्स परत दिले तर ते 44 नं जमा करायचे का आजच्या दरानं?

हिशेबनीस_काका: ज्या दरानं गेले त्याच दरानं, 44.

मेव्हणाच_मी: आणि फिफोत ते रांगेत पुढं लागतील का मागं?

हिशेबनीस_काका: तिथं प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या मनानं वागतं. एक खोटी रिटर्न एंट्री करून बघा, पुढच्या विक्रीला कुठला दर लागतोय ते, मग डिलीट करा.

सेल्स_वाला_भावा: डिलीट करायला विसरू नका म्हणजे झालं.