मदत हवी आहे: इअरबड्सवर आवाज आधी, चित्र मागून

मंडळी, ब्लूटूथवर आवाज मागे पडतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. माझं उलटं झालंय. मालवणात मोबाइलवर घेतलेला दशावताराचा व्हिडिओ बघतोय, तर मृदंगाची थाप आधी ऐकू येते आणि वादकाचा हात नंतर पडतो! फोनच्या स्पीकरवर सगळं बरोबर.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कोडेक एएसीवरून एसबीसी केला, फरक नाही. इअरबड्सचा गेम मोड बंद केला की मात्र जुळतं.

माझा अंदाज असा: आवाज कानात पोचायला किती उशीर लागतो ते इअरबड्स फोनला कळवतात आणि प्लेअर तेवढं चित्र थांबवून धरतो. गेम मोडमध्ये खरा उशीर कमी होतो, पण कळवलेला आकडा जुनाच राहत असावा.

व्हीएलसीत ऑडिओ डिले साधारण १५० मिलिसेकंद वाढवला की थाप हातावर बसते. पण इतर अॅपमध्ये ही सोय कुठाय? अनपेअर करून परत जोडलं तर फोन नवा आकडा घेतो का, की फर्मवेअर अपडेटचीच वाट बघायची? कोणी हे निस्तरलं असेल तर सांगा.