पूर्ण शेत मुलांच्या नावे मृत्युपत्र केलं, तर बहिणीचा हिस्सा उरतो का?

प्रश्न (केळीबाग_यावल): वडील मागच्या महिन्यात वारले. 15 एकर जमीन आहे, 10 एकर आजोबांकडून आलेली, 5 वडिलांनी स्वतः विकत घेतलेली. घरात आई, आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण. रजिस्टर मृत्युपत्रात सगळं दोघा भावांना लिहिलंय. बहीण हिस्सा मागतेय. तिला तो मिळतो का?

गावकारभारी: मृत्युपत्र रजिस्टर आहे ना, मग विषय संपला भाऊ. मालकाने दिलं ते दिलं. बहिणीच्या लग्नात खर्च झालाच असेल. तलाठ्याकडे अर्ज टाका, नोंद करून घ्या.

दिवाणी_जळगाव: कारभारी, तुमचं 5 एकरापुरतं बरोबर आहे. स्वतः घेतलेलं शेत बाप कोणालाही देऊ शकतो, अगदी परक्यालाही. पण वडिलोपार्जित 10 एकरांत त्याचा जेवढा हिस्सा, तेवढ्यावरच त्याची लेखणी चालते.

ही 10 एकर खरोखर वडिलोपार्जित आहे असं धरू. मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं कायदा मानतो. त्यात वडील, दोन मुलं आणि मुलगी. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क जन्मापासूनचा, लग्न झालं तरी तोच. शिवाय आपल्याकडे बापलेकांच्या वाटणीत बायकोलाही मुलाएवढा वाटा धरतात. म्हणजे पाच वाटे, प्रत्येकी 2 एकर. मृत्युपत्र लागू होतं ते वडिलांच्या 2 एकरांवर आणि खरेदीच्या 5 एकरांवर, एकूण 7. बहिणीचे 2 आणि आईचे 2 एकर त्यांचेच राहतात. भावांना प्रत्येकी साडेपाच.

मृत्युपत्रच नसतं तर हे 7 एकरही आई, दोन मुलं आणि मुलगी अशा चौघांत सारखे वाटले असते, प्रत्येकी 1 एकर 30 गुंठे. मग प्रत्येकाकडे 3 एकर 30 गुंठे. म्हणून बहिणीचा दावा पोकळ नाही, पण तिला मिळेल ते 2 एकर. हे मृत्युपत्र टिकलं तर, नाही टिकलं तर 3 एकर 30 गुंठे.

जुना_फेरफार: साहेब, "आजोबांकडून आलेली" म्हणजे वडिलोपार्जितच, हे तुम्ही पटकन धरलंत. आजोबांनी ती स्वतः घेतली असेल आणि ते मृत्युपत्र न करता 1956 नंतर वारले असतील, तर वडिलांना ती वारस म्हणून मिळाली. अशी जमीन त्यांची स्वतःचीच, हे सुप्रीम कोर्टाने 1986 मध्ये सांगून ठेवलंय. मग 15 च्या 15 एकरांवर मृत्युपत्र चालेल आणि बहिणीच्या हाती काहीच नाही. मात्र तशा स्थितीत आजोबांच्या मुलींचा, म्हणजे आत्यांचा वाटा कुठे गेला, तेही पाहावं लागेल. आधी जुने फेरफार काढा. आजोबांचं नाव कशाने लागलं, खरेदीने, वाटणीने की वारसाने, ते पाहा.

दिवाणी_जळगाव: मान्य. पण फेरफार हा मालकीचा पुरावा नाही, धागा आहे. खरेदीखत किंवा वाटणीपत्र हाती लागेपर्यंत मी कोणत्याच बाजूने छातीठोक बोलणार नाही.

गावकारभारी: मग रजिस्टर करण्याचा उपयोग काय?

दिवाणी_जळगाव: कागद खोटा ठरवणं अवघड होतं, एवढाच. नोंदणी मुळात सक्तीची नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि बहीण कोर्टात गेली तर त्यातल्या निदान एकाला, तो हयात असेल तर, पिंजऱ्यात उभं राहून सही कशी झाली ते सांगावं लागतं. ज्यांना शेत मिळणार तेच गाडीत घालून वडिलांना निबंधकाकडे घेऊन गेले, मजकूरही त्यांनीच सांगितला, आजारपणात सही झाली, मुलीला वगळण्याचं कारणही लिहिलं नाही, असं एकत्र आलं की न्यायाधीशाला शंका येते आणि ती फेडायची जबाबदारी भावांवर पडते.

तलाठ्याकडे हरकत आली तर नोंद तक्रारी होते, निकाल वरचा अधिकारी देतो. तोही फक्त सातबाऱ्यापुरता. हिस्सा ठरतो दिवाणीत.

चोपडा_रोड: माझा भाऊ अविवाहित वारला, मृत्युपत्र नाही. आम्ही तीन भावांनी वाटून घेतलं. तेच चालतं ना?

जुना_फेरफार: दादा, तुमचा प्रश्न निराळा आहे. बायकामुलं नसताना आई हयात असेल तर सगळं आईचं, भावांना काहीच नाही. आई नसेल तर वडील हयात आहेत का ते आधी बघतात, मग भाऊ-बहिणी. बहिणी धरल्या होत्या का?

चोपडा_रोड: आई होती. तिने अंगठा दिलाय, पण साध्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून.

जुना_फेरफार: मग तो हक्कसोड टिकत नाही. जमिनीचा हक्क सोडायचा तर कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो.

अक्राणी_पाडा: आमच्या भिल्ल-पावरा गावांत हा हिशेब लावू नका. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा लागूच नाही, रूढी चालते. मुलीला काय मिळतं, यावर आमच्याकडे दोन पाड्यांचं एकमत नाही.

केळीबाग_यावल: जुने फेरफार काढतो. आजोबा 1963 मध्ये वारले, आत्या दोन आहेत. त्यांचं नाव सातबाऱ्यावर कधीच नव्हतं.

दिवाणी_जळगाव: मग बहिणीशी भांडण्याआधी आत्यांचे कागद शोधा. त्यांनी हक्कसोड दिला होता का, तेवढं आधी कळू द्या.