जुन्या नीट पेपरांतले कालबाह्य प्रश्न तुम्ही कसे गाळलेत?

सायलीची_आई: लेक पुढच्या वर्षी नीट देणार आहे. शेजारच्या दादाने प्रकरणवार जुन्या प्रश्नांची दोन जाड पुस्तकं दिली, दोन्ही 2023 च्या आधीची. 2024 पासून अभ्यासक्रम कापला गेला एवढं माहीत आहे. मग यातलं सोडवायचं काय आणि सोडायचं काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी आपापले अनुभव लिहा.

रिपीटर_25: मी सरळ ब्लेड घेतलं. घन अवस्था, पृष्ठभाग रसायन, हायड्रोजन, एस-ब्लॉक, धातुविज्ञान, पॉलिमर, पर्यावरण रसायन, सगळी पानं कापून टाकली. जीवशास्त्रातून वनस्पतींतील वहन, खनिज पोषण, पचन गेलं. पुस्तक निम्मं हलकं झालं. काकू, नवीन एनसीईआरटीत जे नाही ते फेका, विषय संपला.

रसायन_मास्तर (लातूर): विषय तिथे संपत नाही बाळा. प्रकरण गेलं म्हणजे त्याखाली छापलेला प्रत्येक प्रश्न गेला असं होत नाही, आणि प्रकरण राहिलं म्हणजे सगळे राहिले असंही नाही. पी-ब्लॉक घे. नाव अभ्यासक्रमाच्या यादीत आहे, पण आता गट 13 ते 18 मधले फक्त सर्वसाधारण कल आणि पहिल्या मूलद्रव्याचं वेगळेपण उरलंय. जुन्या पुस्तकात त्याच पानावर दोन प्रश्न शेजारी असतात: XeF4 चा आकार कोणता, आणि XeF6 चं पूर्ण जलअपघटन झाल्यावर काय मिळतं. दुसरा बाद. पहिला मात्र रासायनिक बंधातून सुटतो, तो ठेवायचा. उलट 'द्रव्याच्या अवस्था' हे प्रकरण गेलं, पण PV = nRT वरचं साधं गणित भौतिकशास्त्रातल्या वायूंच्या गतिज सिद्धान्तात जिवंत आहे. व्हॅन डर वाल्सचे स्थिरांक तेवढे सोडा.

मी मुलांना शीर्षक झाकायला लावतो. प्रश्न सोडवायला नेमकी कोणती गोष्ट माहीत हवी ते समासात दोन शब्दांत लिहायचं, आणि ते शब्द राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या यादीत शोधायचे. पाठ्यपुस्तकात नव्हे, यादीत. कारण यादीत माल्व्हेसी, क्रुसिफेरी ही कुलं आहेत, ती नव्या एनसीईआरटीत शोधत बसाल. प्रात्यक्षिक रसायनही आहे. Ca आणि Ba हे आयन क्षार-विश्लेषणात येतात, म्हणजे एस-ब्लॉकची पानं कापताना रिपीटरने त्यांच्या ओळखीचे प्रश्नही कापले असणार.

रिपीटर_25: कापलेत सर. 😐 रद्दीतसुद्धा गेले.

कोल्हापूरची_माऊली: आमचं उलटं झालं. मुलगी नीटबरोबर एमएचटी-सीईटीही देणार होती, फार्मसीसाठी. नीटची वगळलेली यादी धरून तिने घन अवस्था आणि पॉलिमर सोडून दिले. डिसेंबरात कॉलेजच्या बाईंनी विचारलं तेव्हा कळलं, बालभारतीच्या बारावी रसायनात घन अवस्था हे पहिलंच प्रकरण आहे. सीईटीला बारावीचा भाग 80 टक्के! तेव्हापासून आमच्याकडे दोन रंगांच्या पेन्सिली. निळी फुली म्हणजे नीटला नको, लाल फुली म्हणजे दोन्हीकडे नको. लाल फारच थोड्या निघाल्या.

अभ्यासू_पांडू: पण 2025 ला तर सगळा पॅटर्नच बदलला ना? मग जुने पेपर कशाला हवेत? मी फक्त टेस्ट सिरीज देतो.

रसायन_मास्तर (लातूर): पांडू, पॅटर्न वेगळा, अभ्यासक्रम वेगळा. 2025 ला ऐच्छिक प्रश्नांचा विभाग गेला आणि 180 प्रश्न, 180 मिनिटं झाली. हा साचा 2020 आणि त्याआधीच्या पेपरांचाच आहे. म्हणून वेळ लावून सोडवायला ते बरे पडतात. फक्त गाळणी आधी लावा. समजा 22 प्रश्न बाद झाले, तर घड्याळ 158 मिनिटांवर लावायचं आणि गुण 632 पैकी मोजायचे. नाहीतर 22 मिनिटं फुकट मिळतात आणि मुलाला वाटतं आपला वेग वाढला.

सायलीची_आई: हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काल एक पेपर गाळला, पण एक प्रश्न अडला. कोलेसिस्टोकायनिन कशावर काम करतं? पुस्तकात तो पचनाखाली आहे. समासात लेकीने 'संप्रेरक' लिहिलं.

जीवशास्त्र_वेडी: ठेवा. एनसीईआरटीच्या संप्रेरकांच्या प्रकरणात पचनमार्गाची संप्रेरकं आहेतच.

रसायन_मास्तर (लातूर): हा माझा विषय नाही, पण यादीत ग्रंथींची नावं मोजून दिलीत. पीयूषिका, अवटू, स्वादुपिंड वगैरे. जठर-आतडं त्यात नाही.

जीवशास्त्र_वेडी: सर, 'मानवी अंतःस्रावी संस्था' असंही लिहिलंय ना? मी तरी बाद नाही करणार.

सायलीची_आई: त्याला आम्ही प्रश्नचिन्ह करून ठेवलंय. अशी आता अकरा झालीत.