मदत हवी आहे: सेकंडरीला R-L लोड असताना प्रायमरी करंट कसा काढायचा?

पायल_ईई

नमस्कार. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरावातलं एक गणित अडलंय.

सोर्स २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सोर्स आणि प्रायमरी यांच्यामध्ये २५ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आहे. ट्रान्सफॉर्मर आयडियल, प्रायमरीला ५०० वेढे आणि सेकंडरीला १००. सेकंडरीवर ३ ओहमचा रेझिस्टर आणि १२.७३ मिलिहेन्रीची कॉइल सिरीजमध्ये. प्रायमरी करंट काढायचा आहे.

मी असं केलं: टर्न्स रेशो ५, म्हणून सेकंडरीला २३० भागिले ५, म्हणजे ४६ व्होल्ट. कॉइलचा रिॲक्टन्स ४ ओहम येतो, त्यामुळे लोडचा इम्पिडन्स ५ ओहम. सेकंडरीत ९.२ अँपिअर, आणि प्रायमरीत त्याचा पाचवा हिस्सा, १.८४ अँपिअर. मैत्रिणीने लोड प्रायमरीत नेऊन सोडवलं, तिचं १.५३ येतं. मागे छापलेलं उत्तर 1.63∠−45° आहे. माझ्या गणितात २५ ओहम कुठेच आले नाहीत हे दिसतंय, पण ते आणायचे कुठे?

वाइंडिंगवाला

आमचं रिवाइंडिंगचं दुकान आहे, म्हणून विचारतो. २३०/१२ चा छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. सेकंडरीला लोड लावून आणि काढून, दोन्ही वेळा प्रायमरीचे ओहम मल्टीमीटरने मोजले. आकडा तोच. लोड प्रायमरीत दिसतो म्हणता, मग मीटरवर का दिसत नाही? शिवाय सेकंडरी उघडी असली तरी प्रायमरी थोडा करंट घेतेच. तुमच्या सूत्राने तर शून्य यायला हवा.

जुना_सर्किटवाला

पायल, तुझं गणित बरोबर आहे, पण ते वेगळ्या सर्किटचं आहे. २५ ओहम नसते तर १.८४ हेच उत्तर आलं असतं. इथे प्रायमरीच्या टोकांवर २३० व्होल्ट पोचतच नाहीत. काही व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, किती पडतात ते करंटवर ठरतं, आणि करंट तर आपल्याला काढायचाच आहे. म्हणून सेकंडरीपासून सुरुवात करता येत नाही.

हा गुंता सोडवायलाच लोड उचलून प्रायमरीत नेतात. प्रायमरीचं व्होल्टेज सेकंडरीच्या पाचपट, करंट सेकंडरीच्या एक पंचमांश. व्होल्टेजला करंटने भागलं की इम्पिडन्स पंचवीसपट होतो. लोड R आणि L मिळून आहे, तेव्हा दोन्ही भाग पंचवीसपट करायचे:

```
Z2 = 3 + j4
Z1 = 5² × (3 + j4) = 75 + j100
Zt = 25 + 75 + j100 = 100 + j100 = 141.4∠45°
I1 = 230 / 141.4∠45° = 1.626∠−45° A
```

मैत्रिणीने लोड बरोबर नेला. मग 75 + j100 चं मॅग्निट्यूड १२५ काढून त्यात २५ साधे मिळवले, म्हणजे १५०. २३० भागिले १५० केले की नेमके १.५३ येतात. १२५ ओहमचा अँगल ५३ अंश आणि २५ ओहमचा शून्य, त्यांची सरळ बेरीज होत नाही. रेझिस्टन्सचे भाग आधी एकत्र करायचे, मॅग्निट्यूड सगळ्यात शेवटी.

उत्तराची खात्री करायची तर पॉवर पाहा. प्रायमरीतल्या ७५ ओहमवर १.६२६ चा वर्ग गुणिले ७५, म्हणजे सुमारे १९८ वॉट. सेकंडरीत करंट पाचपट, ८.१३ अँपिअर, त्याचा वर्ग गुणिले ३, पुन्हा १९८ वॉट. हे दोन आकडे जुळले नाहीत तर बहुतेक ५ चा वर्ग करायचा राहिलाय.

सह्याद्रीचा_वारा

एक सगळेच विसरले. वाइंडिंगचे डॉट कुठे आहेत ते दिलेलंच नाही. डॉट उलटे असतील तर करंट १८० अंशांनी फिरतो, मग उत्तर 1.63∠135° होईल. त्यामुळे प्रश्नच अपुरा आहे.

जुना_सर्किटवाला

अर्धं बरोबर. डॉट उलटे केले की सेकंडरीचं व्होल्टेज आणि करंट दोन्ही उलटतात. म्हणजे सेकंडरी करंटचा फेज विचारला असता तर डॉट लागलेच असते. पण प्रायमरीत नेताना रेशोचा वर्ग होतो, आणि उणे पाचाचा वर्गही पंचवीसच. प्रायमरी करंट जिथे होता तिथेच राहतो. शिवाय 1.63∠135° धरला तर सोर्स पॉवर देतो असं न दिसता घेतो असं दिसेल, आणि लोडमध्ये तर पॉवर देणारं काहीच नाही.

सह्याद्रीचा_वारा

पॉवरचा मुद्दा पटला. तरी परीक्षेत डॉट द्यायलाच हवेत असं माझं मत कायम आहे.

पायल_ईई

खूप आभार, आता पूर्ण कळलं. मी पुढे व्होल्टेजही काढले. २५ ओहमवर ४०.७ व्होल्ट पडतात आणि प्रायमरीवर २०३.३ येतात. बेरीज २४४ होते, सोर्सपेक्षा जास्त! आणि सेकंडरीचं व्होल्टेजही ४०.७ च आलं. हा नियम आहे का?

जुना_सर्किटवाला

दुसरा निव्वळ योगायोग. सेकंडरीचं व्होल्टेज म्हणजे ५ ओहम गुणिले पाचपट करंट, थोडक्यात प्रायमरी करंटच्या पंचवीसपट. आणि तुमचा रेझिस्टरही नेमका २५ चा निघाला. तो ३० ओहमचा केलात की जुळणार नाही.

पहिला मात्र समजून घेण्यासारखा आहे. रेझिस्टरचे ४०.७ व्होल्ट उणे ४५ अंशांवर आहेत, प्रायमरीचे २०३.३ व्होल्ट अधिक ८.१३ अंशांवर. पहिल्याचे भाग २८.७५ आणि उणे j२८.७५, दुसऱ्याचे २०१.२५ आणि अधिक j२८.७५. j चे भाग एकमेकांना खातात आणि उरतात बरोबर २३०. प्रयोगशाळेत व्होल्टमीटर मात्र ४०.७ आणि २०३.३ असेच दाखवेल, कारण त्याला अँगल कळत नाही. तिथे रीडिंगची बेरीज जुळत नाही म्हणून मीटर बदलायला जाऊ नका.

वाइंडिंगवाले दादा, मल्टीमीटर ओहम मोजताना डीसी सोडतो. तुम्हाला दिसतो तो फक्त प्रायमरीच्या तांब्याचा रेझिस्टन्स. लोड प्रायमरीत दिसायला बदलता फ्लक्स लागतो, म्हणजे एसी. प्रायमरीला एसी देऊन व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजा, लोडचा फरक लगेच दिसेल. उघड्या सेकंडरीलाही वाहणारा करंट कोअरमध्ये फ्लक्स उभा करायला आणि कोअर लॉस भागवायला लागतो. आयडियल ट्रान्सफॉर्मरमध्ये तो शून्य धरलेला असतो, म्हणून सूत्रात येत नाही. पूर्ण लोडवर त्याने फारसं बिघडत नाही, पण अगदी कमी लोडवर छोट्या ट्रान्सफॉर्मरचा हिशोब चुकेल.

वाइंडिंगवाला

बरोबर. म्हणूनच वेढे कमी भरले की लोड नसतानाही ट्रान्सफॉर्मर गरम होतो, हे आमच्या रोजच्या बघण्यातलं आहे.

सह्याद्रीचा_वारा

मग आयडियल ट्रान्सफॉर्मर डीसीवर चालतो म्हणायचा का? V1 = 5·V2 या समीकरणात फ्रिक्वेन्सी कुठेच नाही.

जुना_सर्किटवाला

कागदावर चालतो. मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स अनंत धरला की फ्रिक्वेन्सीची अट उरत नाही.

पायल_ईई

पण आमच्या मॅडम सांगतात की फ्लक्स बदलल्याशिवाय सेकंडरीत व्होल्टेज येतच नाही, आयडियल असला तरी. स्थिर डीसी दिला तर फ्लक्स वाढतच राहायला लागेल ना?

सह्याद्रीचा_वारा

मॅडमचं मला जास्त पटतं. अनंत वाढणारा फ्लक्स आणि शून्य मॅग्नेटायझिंग करंट एकत्र कसे धरायचे, ते कुणीतरी नीट मांडा.